झाकलेल्या कामाचे आभार

आमच्या औंढ्याकडं घर पुरं झालं की वास्तुशांतीची पूजा आटोपल्यावर, पंगत बसायच्या आधी, मिस्त्रीला शाल-नारळ आणि टॉवेल-टोपी देतात. मग पाहुण्यांतला कुणीतरी म्हणतो, "मिस्त्री, दोन शब्द बोला." बरेच मिस्त्री हात जोडून "नागनाथाची कृपा" एवढंच म्हणतात आणि खाली बसतात. मी मात्र बोलतो. यंदा जेठात जिंतूर रस्त्याच्या बाजूला एका घराच्या वास्तुशांतीत जे बोललो, ते लिहून द्या असा आग्रह झाला. मांडवात ते पाच-दहा मिनिटांत उरकलं होतं. इथं त्यामागची कारणंही सांगायची म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

वास्तुशांतीला आलेला माणूस रंग बघतो, फरशी बघतो, दाराची चौकट हातानं चाचपतो, स्वयंपाकघरातला ओटा किती लांब आहे ते विचारतो. ज्या कामांवर घर उभं असतं ती त्या दिवशी कुणालाच दिसत नाहीत. पाया मातीखाली गेलेला असतो, सळई काँक्रीटच्या आत गेलेली असते आणि भिंतीवर, स्लॅबवर मारलेलं पाणी तर उडूनच गेलेलं असतं. ही कामं केलेली माणसं मांडवाच्या पार मागच्या टोकाला, चपला काढल्यात तिथं बसलेली असतात. म्हणून मी त्यांना पुढं बोलावलं आणि एकेकानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. नुसतं "सर्व कामगार बंधू-भगिनींचे आभार" म्हटलं तर कुणी कशाचे मानले ते कळत नाही.

सगळ्यात आधी खोदकामाच्या मामांना उभं केलं.

घर साधंच, 24 बाय 28 फुटांचं. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. जागा काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात आमच्या रानात ज्या भेगा पडतात, त्यांत मनगटापर्यंत हात जातो. पाया या मातीवरच टेकवला तर पावसाळ्यात ती त्याला वर ढकलते आणि उन्हाळ्यात खालून आधार काढून घेते. सगळं घर सारखं वर-खाली झालं असतं तरी फारसं बिघडलं नसतं. पण तसं होत नाही. एका बाजूला न्हाणीचं पाणी मुरतं, दुसऱ्या बाजूला दिवसभर ऊन तापतं, तिसऱ्या बाजूला लिंबाचं झाड मातीतली ओल शोषून ती कोरडी करतं. एक कोपरा हलतो, बाकीचे जागीच राहतात आणि भिंत फाटते. म्हणून काळी माती पूर्ण खोदून खालच्या मुरमावर पाया ठेवायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम.

या घरात तीन कोपऱ्यांना साडेचार फुटांवर पिवळा, घट्ट मुरूम लागला. मालकांनी गृहीत धरलं की चौथ्या कोपऱ्यालाही तेवढंच. मामांचा ठेका फुटावर ठरलेला, आणि खोली धरलेली पाच फूट. चौथ्या कोपऱ्यात पाच फूट झाले, संध्याकाळही झाली होती. तिथं थांबून हिशोब घेतला असता तरी मामांना कुणी बोललं नसतं. पण मामा चरातून वर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, हितं पहारीचा आवाज बदलंना."

पहार मुरमावर आदळली की तिचा खणखणीत आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मातीत ती मुक्यानं रुतते. मी खाली उतरून पाहिलं. पाच फुटांवरच्या मातीत खापराचे तुकडे होते, राख होती, जळक्या विटेचे बारीक कण होते. म्हणजे ती मूळची जमीन नव्हती, कुणीतरी कधीतरी भरलेला खड्डा होता. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना विचारलं. मातीच्या भिंतींच्या जमान्यात गावातली माणसं तिथून माती काढून न्यायची, असं ते म्हणाले. त्या कोपऱ्यात मुरूम लागला तो आठ फुटांवर.

आता आठ फूट खोलीचा एक कोपरा आणि साडेचार फुटांवरचे तीन, यांना जोडायचं कसं? इथं बरेच जण चराचा तळ उतरता करतात. ते चूक आहे, कारण उतरत्या तळावर पाया घसरायला बघतो. तळ नेहमी सपाट हवा. खोली बदलायची असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी बदलायची. आम्ही दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली तळाला पायऱ्या घेतल्या. खालच्या थराची जाडी जेवढी, त्यापेक्षा एक पायरी उंच केली नाही, आणि वरचा थर खालच्यावर नीट चढवून घेतला. निघालेली माती त्या खड्ड्यात परत टाकली नाही. खालून एकास चार-आठचं काँक्रीट भरत आणलं. जास्तीचं खोदकाम निघालं साधारण ब्रासभर, आणि थोडं सिमेंट जास्त लागलं. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते साहजिकच होतं. मी त्यांना गावातल्याच एका घराकडं घेऊन गेलो.

ते घर माझ्या हातचं नाही आणि कुणाचं ते सांगायचं कारण नाही. तिथं एका कोपऱ्याजवळ विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांची भेग वर चढत गेली होती. खाली केसाएवढी, वर बोटाएवढी. भेग वर रुंद आणि खाली बारीक असली, आणि तिचा रोख कोपऱ्याकडं असला, तर कोपरा खाली बसतोय हे समजायचं. घरच्या काकूंनी सांगितलं की भेग दिसायच्या आधी वर्षभर त्या खोलीचं दार चौकटीत अडकायचं. सुतार बोलावून दोनदा दार तासून घेतलं होतं. दाराचा काहीच दोष नव्हता, चौकट तिरपी होत चालली होती. कोपऱ्याची खोदाई कुणी तपासली होती, असं तिथल्या मालकांना विचारलं तर उत्तर मिळालं नाही. परत येताना आमचे मालक गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तीच्या खोदकामाचे पैसे मामांना वेगळे दिले, हे मी मांडवात मुद्दाम सांगितलं.

मामांच्या मागोमाग सळईवाल्या पोराला उभं केलं. त्याचं काम समजून घ्यायचं तर किल्लारीचं नाव काढावंच लागतं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसं झोपलेली असताना, किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला. हजारो माणसं घराखाली गेली. आमच्या पिढीच्या गवंड्यांनी त्यातून एक गोष्ट शिकायला हवी होती. तिथल्या भिंती बारीक नव्हत्या, उलट दोन-अडीच फूट जाड होत्या. पण ती जाडी फसवी होती. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरं, आणि मध्ये चिखल नि बारीक दगडांची भर. दोन्ही तोंडांना आरपार धरणारे जोडदगड पुरेसे घातलेले नव्हते. हादरा बसला तशी ही दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, बाहेर फुगली आणि कोसळली. वरून माळवदाची कितीतरी इंच माती खाली आली. म्हणून भिंत किती जाड आहे यावर मी घराची मजबुती कधी मोजत नाही. ती कशानं बांधून ठेवलीय, ते विचारतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्याला हे दूरचं वाटायचं कारण नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षं ऐकतायत. 2024 साली 21 मार्चला आणि पुन्हा 10 जुलैला सकाळी सकाळी कळमनुरी भागात केंद्र असलेले साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले, तेव्हा औंढ्यातही भांडी वाजली. एवढ्या धक्क्यानं नीट बांधलेलं घर पडत नाही. पण कुठल्या भिंतीला काय धरून ठेवतंय, हे बघायची आठवण तो करून देतो.

विटांच्या भिंतीला धरून ठेवतो तो काँक्रीटचा सलग पट्टा. या घरात तो तीन ठिकाणी आहे: जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर, आणि स्लॅब स्वतः. शिवाय चारी कोपऱ्यांत पायापासून स्लॅबपर्यंत एकेक 12 मिलिमीटरची उभी सळई. बरेच जण फक्त दारा-खिडक्यांच्या वर तेवढ्यापुरते लिंटल टाकतात आणि मधली भिंत मोकळी सोडतात. त्यानं खिडकीवरच्या विटा तोलल्या जातात, पण भिंती एकमेकींना बांधल्या जात नाहीत. पट्टा घराभोवती कुठंही न तुटता फिरायला हवा. एखाद्या पिंपाला लोखंडी पट्टी मारतात तसा.

पट्टा सगळ्यात आधी तुटतो तो कोपऱ्यावर. हादऱ्यात एक भिंत बाहेर ओढली जाते, दुसरी जागेवर राहते, आणि सगळा ताण कोपऱ्यावर येतो. पण सळई बांधणाऱ्याला सगळ्यात सोपं काय? दोन्ही भिंतींच्या सळया सरळ कोपऱ्यापर्यंत आणायच्या आणि तिथंच संपवायच्या. काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसणार? अशा कोपऱ्यात काँक्रीट एकसंध दिसतं, पण आत त्या दोन भिंतींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. बरोबर काम असं: बाहेरच्या बाजूची सळई कोपऱ्यावर वाकवून दुसऱ्या भिंतीत पुढं न्यायची आणि तिथल्या सळईला व्यासाच्या निदान पन्नासपट जोड द्यायचा. 12 मिलिमीटरची सळई असेल तर 600 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. आतल्या सळयाही आतल्या कोपऱ्यावर न संपवता पलीकडच्या तोंडापर्यंत नेऊन वळवायच्या. रिंगा दर सहा इंचांवर. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात नाही, आत तिरपं वळलेलं हवं, आणि वळल्यावर पुढं तीन इंच तरी हवं. काटकोनात वाकवलेली रिंग हादऱ्यात उघडते आणि मग आतल्या सळया कुणाच्याच धाकात राहत नाहीत.

लिंटलचा पट्टा ओतायचा दिवस. मिक्सर सुरू झाला होता, बाया घमेली भरत होत्या. तेव्हा या पोरानं भिंतीवरूनच हात वर केला आणि ओरडला, "थांबा!" मागच्या कोपऱ्यात बाहेरच्या सळईचा जोड त्याला आखूड वाटला होता. टेपनं मोजला तर जेमतेम सव्वा फूट भरला. दहा-बारा माणसं रिकामी उभी, मिक्सरचं भाडं चालू, सेंटरिंगवाला कुरकुरतोय. पोरानं तारा कापल्या, वाकवलेला एक जादाचा तुकडा आणून दोन्ही बाजूंना पुरेसा जोड देऊन बांधला आणि मगच खाली उतरला. त्याला पैसे मिळतात किलोवर. त्या अर्ध्या तासाचा त्याला एक रुपयाही मिळाला नाही. तो कोपरा आता काँक्रीटच्या आत आहे. तो बरोबर आहे हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि वास्तुशांतीच्या दिवसापासून मांडवातल्या सगळ्यांना.

इथं मी मंडळींना आमच्या नागनाथाच्या देवळाकडं बघायला सांगितलं. खालचा भाग यादवकाळातला हेमाडपंती, काळ्या दगडाचा. दगड घडवून एकमेकांत बसवलेले, वजनावर आणि खाचांवर पेललेले. वरचा भाग नंतरचा, विटांचा नि चुन्याचा, पांढरा. दर्शनाला गेलेला माणूस कोरीव मूर्ती बघतो. मी गवंडी म्हणून खालच्या दगडांचे सांधे बघत उभा राहतो, कारण त्या काळच्या कारागिरानं कोपऱ्यावर दगड आलटून-पालटून कसे वळवलेत ते तिथं उघड्यावर दिसतं. आमच्या काँक्रीटमध्ये ते झाकलं जातं, म्हणून आमच्या कारागिरावर विश्वास ठेवायला लागतो. औंढ्यातल्या प्रत्येक नव्या मिस्त्रीनं देवळात गेल्यावर पाया पडून झाल्यावर एक फेरी या कोपऱ्यांसाठी मारावी, असं माझं म्हणणं आहे.

मग मी मावशींना बोलावलं. त्या पुढं यायला तयार नव्हत्या. दोन बायांनी ढकलून आणलं.

मिक्सरवर पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं होतं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका गोणीला, गोणीच्या मापाच्या पेटीनं दीड पेटी वाळू, तीन पेट्या गिट्टी आणि पंचवीस लिटरच्या आसपास पाणी. एवढं पाणी घातलं की माल घट्टसर होतो. घमेल्यातून तो ओघळत नाही, ओतावा लागतो. वर स्लॅबवर फावडं चालवणाऱ्याला असा माल जड जातो, म्हणून वरून सारखी आरोळी येते, "मावशी, जरा पातळ सोडा!" पातळ माल पटकन पसरतो, काम लवकर आटोपतं. पण गोणीमागं पाच लिटर पाणी जास्त गेलं की काँक्रीटची साधारण पाचव्या हिश्शाएवढी ताकद गेली. जास्तीचं पाणी सिमेंटला लागत नाही. ते पुढं उडून जातं आणि मागं बारीक भोकं ठेवतं, पावसाळ्यात त्याच भोकांतून स्लॅब गळतो. स्लॅब गळायला लागला की मालक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. गळतीचं मूळ मात्र स्लॅब ओतायच्या दिवशी पाण्याच्या बादलीत असतं.

आम्ही त्या बादलीला आतून खूण करून ठेवली होती आणि मावशींना सांगितलं होतं, या रेघेच्या वर पाणी नाही, कुणीही म्हणो. सकाळी वाळू ओली असली तर पाणी कमी, उन्हानं वाळली की रेघेपर्यंत. स्लॅबच्या दिवशी वरून किती आरोळ्या आल्या, मुकादमानं किती डोळे वटारले, पण मावशींनी रेघ ओलांडली नाही. त्या दिवशी त्या शब्दही बोलल्या नाहीत, फक्त बादली भरायच्या, रेघ बघायच्या आणि ओतायच्या. वर घट्ट माल ठोकून बसवायला व्हायब्रेटर होता. त्याचं काम त्यानं करायचं, पाण्यानं नाही.

आणि याच मावशींनी पुढं त्याच स्लॅबला भरपूर पाणी दिलं. गवंडीकामात पाण्याचं गणित असं उलटसुलट आहे: मिसळताना मोजून, नंतर हात राखायचा नाही. लोकांना वाटतं काँक्रीट वाळलं की घट्ट होतं. ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची आतल्या आत क्रिया चालू असते, आणि ओल संपली की ती थांबते. आमच्याकडं चैत्रात दुपारी बेचाळीसच्या पुढं पारा जातो, त्यात वारा कोरडा. पाणी नाही मारलं तर वरच्या इंचभर थराची क्रिया अर्ध्यावर थांबते. असा स्लॅब खिळ्यानं खरवडला तर भुकटी निघते, आणि वर नकाशावरच्या नद्यांसारखी बारीक भेगांची जाळी दिसते. बाकीचं सगळं बरोबर असूनही.

आम्ही स्लॅब ओतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वर सिमेंट-वाळूची छोटी आळी घातली आणि दोन इंच पाणी भरून ठेवलं. नियमाप्रमाणं सात दिवस तरी ओल हवी, राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी, तापलेली असेल तर दहा. मी चौदा धरतो. उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही, म्हणून तिथं दिवसातून तीनदा मारायचं. पश्चिमेची भिंत सगळ्यात आधी वाळते, तिला दुपारी एक जादा. कोपऱ्यांत आणि स्लॅबच्या कडांना गोणपाट ओलं करून गुंडाळायचं. बोअरला पाणी कमी आलं तसं मालकांनी टँकर सांगितला, तेव्हा त्यांचीही ओढाताण झाली. पण आळी कधी कोरडी पडली नाही, बाजाराच्या दिवशीही नाही. मावशी पहाटे घरचं आवरून येत, मारून जात, कामावर पुन्हा हजर होत.

हे पाणी मारणं कुठल्याच ठेक्यात लिहिलेलं नसतं. खोदाई फुटावर, सळई किलोवर, सेंटरिंग चौरस फुटावर, विटांचं काम ब्रासवर. पाणी कशावर? ते "होऊन जाईल" असं धरलेलं असतं, आणि होतं ते एखाद्या बाईच्या वेळातून. म्हणून मी मालकांना सुरुवातीलाच सांगितलं होतं की चौदा दिवसांची पाणी मारायची हजेरी वेगळी धरा. त्यांनी धरली. हे मी माझ्या सगळ्या गवंडी भावांना सांगू इच्छितो: अंदाजपत्रकात पाणी मारायची मजुरी स्वतंत्र ओळीत लिहा. ओळ असली की काम होतं, आणि ते कुणी केलं ते कळतं.

शाल-नारळ या सगळ्यांनाही दिले. मांडवात टाळ्या वाजल्या. पण आभार मानायचा एक मार्ग आम्ही मिस्त्री फार कमी वापरतो, तो मी त्या दिवशी वापरला. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला, आणि त्याखाली महाराष्ट्रात कामगारांचं कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. अठरा ते साठ वयाचा जो कामगार मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर होता, त्याची तिथं नोंदणी होते. नोंदणी असली तर लेकरांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघातात आणि मृत्यूनंतर घरच्यांना मदतीच्या योजना मिळतात. अडतं ते नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. आमच्या भागात एक बाई वर्षात पाच-सहा घरांवर काम करते, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस दिवस. एकही मालक नव्वद दिवसांचा दाखला देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडं ती तेवढी नव्हतीच. पण मिस्त्री तोच असतो. म्हणून मी हजेरीची वही ठेवतो: तारीख, नाव, कुठल्या घरावर, काय काम. वहीतल्या पाच-सहा घरांचे दिवस जोडले की नव्वद भरतात. मावशींचे आणि त्यांच्याबरोबरच्या बायांचे दिवस जोडून मी दाखले लिहून ठेवले होते. मांडवात तेच त्यांच्या हातात दिले. एका ताईला वाटलं हिशोबाचा कागद आहे, तिनं तो मला परत द्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, "हा तुमचा आहे, ताई. आधार कार्ड घेऊन नोंदणीला जायचं."

पंगत बसायच्या आधी मालकांच्या थोरल्या मुलानं विचारलं, "मिस्त्री, आता आम्ही काय सांभाळायचं?" हा प्रश्न फार थोडी माणसं विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर दिलं. पहिल्या पावसाळ्याआधी घराभोवती निदान तीन फूट रुंदीचा फरशीचा पट्टा करून घ्या, त्याचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हवा. न्हाणीचं आणि पागोळ्याचं पाणी भिंतीजवळ मुरू देऊ नका, पाइपनं लांब नेऊन सोडा. भिंतीजवळ पिंपळ, लिंब, उंबर यांच्यासारखं मोठं झाड लावायचं नाही. अंगण मोठं असेल तर झाड जेवढं उंच होणार, साधारण तेवढं अंतर ठेवा.

गिलाव्यावर पहिल्या वर्षात केसाएवढ्या भेगा दिसतील, आडव्या-तिडव्या, कुठंही. त्या गिलावा आक्रसल्याच्या, त्यांना घाबरायचं नाही. पण कुठं दार अडकायला लागलं, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. काच तशीच राहिली तर भेग थांबलेली आहे, भरून रंग मारून टाका. काच तडकली, किंवा भेग रेघेच्या पुढं सरकली, तर गिलावा लावून बुजवू नका. आधी त्या कोपऱ्याजवळचा पाण्याचा पाइप उकरून बघा, आणि मला फोन करा.